विश्लेषण : फेरिटिन ‘नॉर्मल’, तरीही लोहाची टंचाई? हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना शिरेतून लोह का देतात?

हार्ट फेल्युअरची औषधे वेळच्या वेळी सुरू आहेत, पायांवरची सूज उतरली आहे, रक्तदाबही आटोक्यात आहे. तरी एक जिना चढला की धाप लागते आणि दुपारनंतर अंगात त्राण उरत नाही. अशा रुग्णाची तक्रार अनेकदा ‘हृदयच कमकुवत आहे, एवढे चालायचेच’ असे म्हणून सोडून दिली जाते. मात्र दीर्घकाळ हार्ट फेल्युअर असलेल्या साधारण निम्म्या रुग्णांमध्ये लोहाची कमतरता आढळते. हिमोग्लोबिन ठीक असतानाही ती असू शकते आणि फेरिटिनचा आकडा ‘नॉर्मल’ असतानाही. ती ओळखायची कशी, गोळ्यांनी ती का भरून निघत नाही आणि शिरेतून दिलेल्या लोहाने नेमके काय सुधारते, याविषयी…

हार्ट फेल्युअर आणि ॲनिमिया यांचा संबंध काय?

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराला जेवढे रक्त लागते तेवढे पंप करण्याची हृदयाची ताकद कमी होणे, याला हार्ट फेल्युअर म्हणतात. हार्ट अटॅकनंतर स्नायूचा काही भाग निकामी झाल्याने, वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबाने, झडपांच्या विकाराने किंवा हृदयाच्या स्नायूच्याच आजाराने हे घडते.

या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना ॲनिमियाही असतो. पुरुषांमध्ये हिमोग्लोबिन १३ च्या खाली आणि स्त्रियांमध्ये १२ च्या खाली गेले की ॲनिमिया मानतात. त्यामागे एकच कारण नसते. मूत्रपिंडाला रक्तपुरवठा कमी पडला की नव्या लाल पेशी तयार करण्याचा इशारा देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कमी पडू शकते. शरीरात सतत धुमसणारा दाह अस्थिमज्जेचे काम मंदावतो. अंगात पाणी साठल्याने रक्त पातळ होते, त्यामुळेही हिमोग्लोबिनचा आकडा खाली दिसतो. आणि चौथे, सर्वांत जास्त आढळणारे व उपचार करता येण्याजोगे कारण म्हणजे लोहाची कमतरता.

मग ॲनिमिया आणि लोहाची कमतरता एकच का नाहीत?

लोह म्हणजे हिमोग्लोबिन, हे शाळेत पाठ झालेले समीकरण इथे अपुरे पडते. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातले बरेचसे हिमोग्लोबिनमध्ये असते हे खरे, पण स्नायूंनाही स्वतःचे लोह लागते. स्नायूंमध्ये ऑक्सिजन धरून ठेवणारे मायोग्लोबिन लोहावरच चालते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पेशींमधील मायटोकाँड्रिया, जिथे अन्नापासून ऊर्जा तयार होते, तिथल्या साखळीतील अनेक प्रथिनांच्या गाभ्यात लोहाचे अणू असतात. ते कमी पडले तर ऑक्सिजन दारापर्यंत पोहोचूनही ऊर्जा तयार होत नाही.

हृदयाचा स्नायू दिवसरात्र न थांबता काम करतो. लोहाच्या टंचाईचा फटका त्याला तर बसतोच, शिवाय मांड्यांचे, पोटऱ्यांचे आणि श्वास घेण्याचे स्नायूही लवकर थकतात. म्हणूनच हिमोग्लोबिन १३.५ असलेला रुग्णही लोहाच्या कमतरतेमुळे जिन्यावर थांबू शकतो. त्याला ॲनिमिया नाही, पण लोहाची कमतरता आहे. उलट एखाद्याला ॲनिमिया असतो, मात्र त्याचे कारण लोह नसून मूत्रपिंड असते. त्यामुळे फक्त हिमोग्लोबिन पाहून निर्णय घेता येत नाही.

‘फंक्शनल’ कमतरता म्हणजे काय?

लोहाची कमतरता दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात शरीरातला साठाच संपलेला असतो. रक्तस्राव, अपुरा आहार, आतड्यातून कमी शोषण ही त्याची कारणे. याला निव्वळ किंवा ‘ॲब्सोल्यूट’ कमतरता म्हणतात. दुसऱ्या प्रकारात साठा असतो, पण तो वापरता येत नाही. ही ‘फंक्शनल’ कमतरता. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ अशी म्हण आहे. इथे मामला उलटा असतो. आडात पाणी आहे, पोहरा मात्र रिकामाच वर येतो.

हे का घडते, याचे उत्तर यकृतात तयार होणाऱ्या हेप्सिडिन या छोट्या संप्रेरकात आहे. शरीरातील लोहाच्या वाहतुकीवर त्याचे नियंत्रण असते. आतड्याच्या पेशींमधून आणि जुन्या लाल पेशी मोडून लोह साठवणाऱ्या मॅक्रोफेज पेशींमधून लोह बाहेर पडण्याचे एकच दार असते, त्याचे नाव फेरोपोर्टिन. हेप्सिडिन या दारालाच चिकटते आणि ते नष्ट करते. लोह आतच अडकून पडते.

निसर्गाने ही सोय बहुधा जंतुसंसर्गासाठी केली असावी. जिवाणूंना वाढायला लोह लागते, म्हणून संसर्ग झाला की शरीर लोह कुलूपबंद करते. पण हार्ट फेल्युअरमध्ये संसर्ग नसतानाही दाह सुरू राहतो आणि दाहामुळे वाढणारे इंटरल्युकिन-६ यकृताला हेप्सिडिन बनवायला लावते. चार दिवसांसाठी लावलेले कुलूप महिनोन् महिने तसेच राहते.

याचा परिणाम मोठा का होतो, हे साध्या हिशेबातून कळते. नव्या लाल पेशी बनवण्यासाठी शरीराला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. आहारातून रोज शोषले जाते फक्त १ ते २ मिलिग्रॅम. उरलेले सगळे जुन्या पेशी मोडून परत मिळवलेले असते. म्हणजे शरीराचा कारभार आवकेवर नव्हे, तर फेरवापरावर चालतो. फेरवापराचेच दार बंद झाले की साठा असूनही टंचाई सुरू होते.

प्रत्यक्षात एकाच रुग्णात दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. आतड्यांना सूज आल्याने शोषण घटते, भूक मंदावते, आम्लपित्तासाठी रोज घेतलेल्या गोळ्यांमुळे लोह कमी शोषले जाते आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांमुळे पोटातून थेंबथेंब रक्तस्राव होत राहू शकतो.

रिपोर्ट कसा वाचायचा?

यासाठी दोन आकडे लागतात. पहिला फेरिटिन, म्हणजे साठ्याचा अंदाज. दुसरा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, ज्याला डॉक्टर ‘टीसॅट’ म्हणतात. ट्रान्सफेरिन हे रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन आहे. त्याच्या एकूण जागांपैकी किती जागा लोहाने भरल्या आहेत, ते टीसॅट सांगते. फेरिटिन म्हणजे गोदामातला माल, तर टीसॅट म्हणजे रस्त्यावरचे ट्रक किती भरलेले धावत आहेत त्याची मोजणी.

अडचण फेरिटिनपाशी येते. दाह असला की फेरिटिन आपोआप वाढते, साठा वाढलेला असो वा नसो. त्यामुळे निरोगी माणसासाठी छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला लागू पडत नाही. हृदयविकार तज्ज्ञांनी म्हणूनच वेगळी मोजपट्टी स्वीकारली. फेरिटिन १०० च्या खाली असेल तर कमतरता आहे असे मानायचे. फेरिटिन १०० ते २९९ च्या दरम्यान असेल, तर टीसॅट पाहायचे. ते २० टक्क्यांहून कमी असेल तर ती फंक्शनल कमतरता.

उदाहरण म्हणून एक कल्पित रुग्ण घेऊ. वय ६४, वजन ६२ किलो. तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला, हृदयाची पंप करण्याची क्षमता, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, ३० टक्के. औषधे नियमित, तरी पहिल्या मजल्यावर पोहोचताना दोनदा थांबावे लागते. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ११.८, फेरिटिन १६८, सीरम आयर्न ४२ आणि टीआयबीसी, म्हणजे लोह वाहून नेण्याची एकूण क्षमता, २९०.

फेरिटिनसमोर लॅबने काही खूण केलेली नाही, कारण तो आकडा छापील मर्यादेत बसतो. ‘लोह तर चांगले आहे’ असे म्हणून घरचे रिपोर्ट मिटून ठेवतील. पण टीसॅट काढायला साधा भागाकार पुरतो.

टीसॅट = सीरम आयर्न ÷ टीआयबीसी × १००

म्हणजे ४२ भागिले २९०, गुणिले १००. उत्तर येते साधारण १४.५ टक्के. फेरिटिन १०० ते २९९ च्या पट्ट्यात आणि टीसॅट २० च्या खाली. रिपोर्टवर लाल खूण नसली तरी या रुग्णाला फंक्शनल कमतरता आहे. बऱ्याच लॅब टीसॅटचा आकडा ‘आयर्न स्टडीज’च्या रिपोर्टमध्ये स्वतःच देतात. फक्त फेरिटिन तपासले असेल, तर अर्धाच रिपोर्ट हाती आहे असे समजावे.

या मोजपट्टीबाबत तज्ज्ञांमध्ये मतभेदही आहेत. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची अस्थिमज्जा तपासून केलेल्या अभ्यासात, खरी कमतरता ओळखायला फेरिटिनपेक्षा टीसॅट अधिक विश्वासार्ह ठरले. त्यामुळे फेरिटिन काहीही असो, टीसॅट २० टक्क्यांहून कमी हाच मुख्य निकष असावा, या मताचे वजन वाढत आहे.

लोहाच्या गोळ्या का पुरत नाहीत?

लोह कमी म्हटले की आपल्याकडे पालक, गूळ, खजूर, लोखंडी कढई आणि गोळ्या अशी यादी पुढे येते. साध्या ॲनिमियात गोळ्या उत्तम काम करतात. हार्ट फेल्युअरमध्ये मात्र त्यांची कसोटी अमेरिकेत ‘आयर्नआउट’ या चाचणीत लागली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २२५ रुग्ण होते. त्यातील एका गटाला १५० मिलिग्रॅम लोह दिवसातून दोनदा, असे १६ आठवडे दिले गेले आणि दुसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या.

हिशेब केला तर लोहाच्या गटातील प्रत्येक रुग्णासाठी १६ आठवड्यांत तोंडावाटे सुमारे ३३ ग्रॅम लोह ठरवले होते, म्हणजे शरीरातील एकूण लोहाच्या आठपट किंवा त्याहून जास्त. तरीही साठा नाममात्र वाढला आणि व्यायामाच्या वेळी ऑक्सिजन वापरण्याची क्षमता दोन्ही गटांत सारखीच राहिली. ज्यांच्या रक्तात हेप्सिडिन जास्त होते, त्यांच्यात गोळ्यांचा परिणाम आणखी कमी दिसला. आतड्याचे दारच बंद असेल, तर बाहेर कितीही माल आणून टाकला तरी तो आत कसा जाणार?

गोळ्यांनी बद्धकोष्ठता आणि मळमळ होते, हा वेगळा त्रास. शिवाय शौचाचा रंग काळा होतो. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्या रुग्णात काळी शौच हे पोटातल्या रक्तस्रावाचेही लक्षण असते. गोळ्या सुरू असतील तर ते नजरेआड होण्याची शक्यता असते.

शिरेतून दिलेल्या लोहाने बरे का वाटते?

आधी वाटत होते की हिमोग्लोबिन वाढवले की काम होईल. हा समज दोन मोठ्या चाचण्या शेजारी ठेवल्या की गळून पडतो.

पहिली २०१३ मधील ‘रेड-एचएफ’. ॲनिमिया असलेल्या २,२७८ हार्ट फेल्युअर रुग्णांपैकी निम्म्यांना डार्बेपोएटिन हे लाल पेशी वाढवणारे इंजेक्शन दिले गेले. हिमोग्लोबिन वाढले. पण मृत्यू आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कमी झाले नाही, उलट रक्ताच्या गुठळ्यांशी संबंधित घटना वाढल्या. आकडा सुधारला, रुग्णाचा धोका नाही.

दुसरी २००९ मधील ‘फेअर-एचएफ’. यात लोहाची कमतरता असलेले ४५९ रुग्ण होते आणि त्यांचे हिमोग्लोबिन ९.५ ते १३.५ च्या दरम्यान होते, म्हणजे काहींना ॲनिमिया होता, काहींना नव्हता. त्यांना शिरेतून फेरिक कार्बोक्सिमाल्टोज किंवा नुसते सलाईन दिले. लोहाचे द्रावण गडद तपकिरी असल्याने रुग्णाला ते दिसू नये म्हणून काळ्या सिरिंज आणि पडदे वापरले. २४ आठवड्यांनी लोह मिळालेल्यांपैकी ५० टक्के रुग्णांनी ‘बऱ्यापैकी किंवा खूप सुधारणा’ झाल्याचे सांगितले. सलाईनच्या गटात हे प्रमाण २८ टक्के होते. फरक चौथ्या आठवड्यापासूनच दिसू लागला होता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ॲनिमिया असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही प्रकारच्या रुग्णांना सारखाच फायदा झाला.

याचा अर्थ सुधारणा फक्त हिमोग्लोबिनमुळे नव्हती. मग ती कुठून आली? लंडनमधील ‘फेरिक-एचएफ २’ या ४० रुग्णांच्या छोट्या अभ्यासाने थेट पायाच्या स्नायूत डोकावून पाहिले. स्नायूत फॉस्फोक्रिएटिन नावाचा तातडीचा ऊर्जासाठा असतो. तो पॉवर बँकसारखा व्यायामात रिकामा होतो आणि मायटोकाँड्रिया तो पुन्हा भरतात. तो किती वेगाने भरतो, ते एमआरआयच्या तंत्राने मोजता येते. शिरेतून लोह दिल्यानंतर दोनच आठवड्यांत हा साठा अधिक वेगाने भरू लागला, आणि तो ॲनिमिया नसलेल्या रुग्णांतही.

इथे एक बारकावा आहे. शिरेतून दिलेले लोह आतड्याचे बंद दार ओलांडते, पण तेही आधी बव्हंशी मॅक्रोफेज पेशींमध्येच जाते आणि तिथेही हेप्सिडिनचा पहारा असतोच. तरी एका वेळी मिळणारा साठा इतका मोठा असतो की दार किलकिले असले तरी पुरेसे लोह बाहेर पडून स्नायूंपर्यंत पोहोचते.

प्रत्यक्षात किती आणि कसे देतात?

मात्रा वजन आणि हिमोग्लोबिन या दोन आकड्यांवरून ठरते. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजसाठी हार्ट फेल्युअरमध्ये वापरला जाणारा ढोबळ तक्ता असा आहे : हिमोग्लोबिन १० पेक्षा कमी असेल, तर ७० किलोपेक्षा कमी वजनाला एकूण १,५०० आणि त्याहून जास्त वजनाला २,००० मिलिग्रॅम. हिमोग्लोबिन १० ते १४ असेल, तर अनुक्रमे १,००० आणि १,५०० मिलिग्रॅम. १४ ते १५ असेल, तर ५०० मिलिग्रॅम. १५ च्या वर देत नाहीत.

वरच्या उदाहरणातील रुग्णाचे वजन ६२ किलो आणि हिमोग्लोबिन ११.८. म्हणजे एकूण १,००० मिलिग्रॅम. एका आठवड्यात जास्तीत जास्त १,००० मिलिग्रॅम देता येते, त्यामुळे त्याचे काम एकाच बैठकीत होते. औषध सलाईनमध्ये मिसळून किमान १५ मिनिटे हळूहळू सोडतात आणि त्यानंतर अर्धा तास रुग्णाला नजरेखाली ठेवतात.

पण त्याआधी एक प्रश्न सुटायला हवा : लोह गेले कुठे? अटॅकनंतर हा रुग्ण ॲस्पिरिन घेत असणारच. अल्सर, मूळव्याध किंवा मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून रक्त जात असेल, तर लोह भरल्याने आकडे सुधारतील आणि मूळ आजार झाकला जाईल. म्हणून रक्तस्रावाच्या लक्षणांची चौकशी आणि गरजेनुसार एंडोस्कोपी हा उपचाराचाच भाग आहे.

पुढची तपासणी साधारण तीन महिन्यांनी करतात. घाईने चार आठवड्यांच्या आत फेरिटिन तपासले तर ते फसवे वाढलेले दिसते. तीन महिन्यांनीही कमतरता कायम असेल तर पुन्हा मात्रा देतात. ‘कन्फर्म-एचएफ’ चाचणीत अशा वेळी ५०० मिलिग्रॅम दिले होते. त्या चाचणीत लोह मिळालेले रुग्ण सहा मिनिटांच्या चालण्याच्या परीक्षेत २४ आठवड्यांनी दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ३३ मीटर जास्त चालले. तंदुरुस्त माणसाला ३३ मीटर किरकोळ वाटतील. दर पन्नास पावलांवर थांबणाऱ्या माणसासाठी ते बेडरूमपासून गॅलरीपर्यंत न थांबता जाण्याइतके असतात.

काही धोके आहेत का?

आहेत, मात्र ते ओळखता येतात. काही रुग्णांना इंजेक्शन सुरू असताना चेहरा लाल होणे, छातीत किंवा पाठीत आवळल्यासारखे वाटणे असा त्रास होतो. बहुतेक वेळा द्रावण थांबवले की तो काही मिनिटांत ओसरतो. धोकादायक ॲलर्जी दुर्मीळ आहे, पण ती होऊ शकते. म्हणूनच हे औषध घरी किंवा तातडीच्या उपचारांची सोय नसलेल्या ठिकाणी घेऊ नये.

सुई शिरेतून निसटून द्रावण त्वचेखाली गेले तर तपकिरी डाग पडतो आणि तो दीर्घकाळ टिकतो. टोचलेल्या जागी आग किंवा फुगवटा जाणवला तर लगेच सांगावे.

तिसरा धोका कमी माहितीचा आहे. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजमुळे काही रुग्णांच्या रक्तातील फॉस्फेट घटते, कारण मूत्रपिंड ते लघवीतून बाहेर टाकू लागते. वारंवार मात्रा घेतलेल्या रुग्णाला पुन्हा अशक्तपणा आला किंवा हाडे दुखू लागली, तर ‘लोह परत कमी झाले’ असे गृहीत न धरता फॉस्फेटही तपासावे लागते.

आयुष्य वाढते का?

इथे उत्तर सावध आहे. ‘अफर्म-एएचएफ’ या २०२० च्या चाचणीत हार्ट फेल्युअर बिघडून दाखल झालेल्या रुग्णांना लोह दिल्यावर पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटले, मात्र हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि दाखल होणे असा एकत्रित निकष सांख्यिकीच्या उंबरठ्याच्या किंचित अलीकडे थांबला. ब्रिटनमधील ‘आयर्नमॅन’ या २०२२ च्या चाचणीतही तसेच झाले. ३,०६५ रुग्णांच्या ‘हार्ट-एफआयडी’ या २०२३ मधील सर्वांत मोठ्या चाचणीतही ठरवलेली कठोर कसोटी पार झाली नाही. कल बहुतेक ठिकाणी फायद्याकडे आहे, पण मृत्यू कमी होतात असे सिद्ध झालेले नाही.

म्हणूनच युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीने २०२३ मध्ये आपली शिफारस दोन भागांत विभागली. लक्षणे आणि जीवनमान सुधारण्यासाठी शिरेतून लोह देण्याला सर्वोच्च, म्हणजे पहिल्या वर्गाची शिफारस मिळाली. रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कमी करण्यासाठी त्याहून एक पायरी खालची. त्यातही ही शिफारस पंप करण्याची क्षमता कमी किंवा काहीशी कमी असलेल्या रुग्णांसाठी आहे. पंप चांगला असूनही हृदय ताठर झाल्याने हार्ट फेल्युअर झालेल्यांसाठी मोठ्या चाचण्यांचा आधार अजून अपुरा आहे. बीटा ब्लॉकर आणि इतर मूळ औषधांना हा पर्याय नाही, ती सुरूच ठेवावी लागतात.

कोणाला देऊ नये, आणि डॉक्टरांना काय विचारावे?

जंतुसंसर्ग सक्रिय असताना शिरेतून लोह देणे टाळतात. हिमोग्लोबिन कमी असण्याचे कारण लोह नसेल तर ते घातक ठरू शकते. थॅलेसेमियाच्या रुग्णांत, विशेषतः वारंवार रक्त घेणाऱ्यांत, शरीरात आधीच जास्त लोह साठलेले असू शकते. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकल सेलचे प्रमाण लक्षणीय आहे. तिथे नुसत्या कमी हिमोग्लोबिनवरून लोह देणे चुकीचे ठरेल.

आपल्याकडे अशक्तपणा आला की ‘ताकदीचे सलाईन’ लावून घेण्याची पद्धत आहे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला अशा बाटल्या लावल्या तर मीठ आणि पाणी वाढून फुफ्फुसात पाणी साठू शकते. शिरेतून लोह देताना जास्तीत जास्त पाव लिटर सलाईन लागते आणि ते तपासणी करून, मोजून दिले जाते. दोन्ही बाटल्या खांबाला टांगलेल्या सारख्याच दिसल्या, तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

औषधे नीट सुरू असूनही थकवा आणि धाप कमी होत नसेल, तर पुढच्या भेटीत तीन प्रश्न विचारता येतात. फेरिटिनबरोबर टीसॅट तपासले आहे का? ते २० टक्क्यांहून कमी आहे का? कमी असेल, तर लोह कुठून जाते आहे, याचा शोध घेतला का? लॅबच्या कागदावर लाल खूण नाही, एवढ्यावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.